ऐंशी विद्यार्थी, तीन आडव्या रेषा

शंभर गुणांच्या पेपरात एखाद्या मुलीला ४७ गुण पडले, तर ती वर्गात पुढे आहे की मागे? नुसत्या ४७ या आकड्यावरून हे कळत नाही. सगळ्या वर्गाचे गुण चढत्या क्रमाने लावले, तर बरोबर मधोमध येणारा गुण म्हणजे मध्यक. खालचा पाव वर्ग जिथे संपतो ते पहिले चतुर्थक आणि वरचा पाव वर्ग जिथे सुरू होतो ते तिसरे चतुर्थक. हे तिन्ही आकडे आलेख कागद, पट्टी आणि टोकदार पेन्सिल यांच्या मदतीने वाचता येतात. त्यासाठी संचित वारंवारता वक्र काढावा लागतो.

उदाहरणादाखल ८० विद्यार्थ्यांचा एक वर्ग घेऊ. शेवटच्या रकान्यात वरपासून तिथपर्यंतची बेरीज आहे.

| गुण | विद्यार्थी | एकूण |
|---|---|---|
| ०–१० | २ | २ |
| १०–२० | ४ | ६ |
| २०–३० | ८ | १४ |
| ३०–४० | १२ | २६ |
| ४०–५० | २० | ४६ |
| ५०–६० | १६ | ६२ |
| ६०–७० | ९ | ७१ |
| ७०–८० | ५ | ७६ |
| ८०–९० | ३ | ७९ |
| ९०–१०० | १ | ८० |

ज्याला नेमके ४० गुण आहेत, त्याला ४०–५० या वर्गात धरले आहे. म्हणजे २६ या आकड्याचा अर्थ ‘४० पेक्षा कमी गुण मिळालेले २६ जण’. हे नीट ध्यानात ठेवले की बिंदू कुठे द्यायचा हा प्रश्नच उरत नाही. ४० पेक्षा कमी असलेल्यांची मोजणी ४० वर येऊन पुरी होते, म्हणून बिंदू ४० वरच, वर्गाच्या वरच्या मर्यादेवर पडतो.

आलेख कागद आडवा धरा. आडव्या अक्षावर १० गुणांना २ सेंटिमीटर आणि उभ्या अक्षावर ५ विद्यार्थ्यांना १ सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. सुरुवात शून्यापासून करा, कारण शून्यापेक्षा कमी गुण कोणालाच नाहीत. मग १० वर २, २० वर ६, ३० वर १४ असे करत १०० वर ८० पर्यंत बिंदू द्या आणि ते हलक्या हाताने जोडा. वक्र आधी सावकाश चढतो, ४० ते ५० मध्ये सर्वांत उभा होतो आणि शेवटी जवळपास सपाट होतो. जिथे चढ जास्त, तिथे विद्यार्थ्यांची गर्दी जास्त.

आता उभ्या अक्षावर ८० चे चार समान भाग करा: २०, ४० आणि ६०. प्रत्येक खुणेपासून वक्रापर्यंत आडवी रेषा न्या आणि जिथे ती वक्राला भेटेल तिथून सरळ खाली गुणांच्या अक्षावर उतरा. २० ची रेषा साधारण ३५ वर उतरते, ४० ची ४७ वर आणि ६० ची ५९ च्या किंचित अलीकडे. म्हणजे मधला अर्धा वर्ग ३५ ते ५९ या सुमारे २४ गुणांच्या पट्ट्यात आहे आणि ४७ वाली मुलगी अगदी मधोमध आहे. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे अर्धा गुण, त्यामुळे त्याहून बारीक आकडा वाचल्याचा दावा करू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे बिंदू वर्गाच्या मध्यावर, म्हणजे ५, १५, २५ वर देणे. त्याने सगळा वक्र पाच गुणांनी डावीकडे सरकतो आणि मध्यक ४२ येतो. ४२ हा आकडाही ४०–५० मध्येच बसत असल्याने तो पाहून शंका येत नाही. चूक ओळखायची तर वक्राचे वरचे टोक पाहावे. ते १०० ऐवजी ९५ वर संपले असेल, तर ९८ गुणांचा विद्यार्थी या वक्रात मावणारच नाही. दुसरी खातरजमा म्हणजे त्याच कागदावर ‘इतके किंवा त्याहून जास्त’ गुणांचा उतरता वक्र काढणे: ० वर ८०, १० वर ७८, २० वर ७४. दोन्ही वक्र ४० च्या उंचीवरच एकमेकांना छेदले पाहिजेत. तसे झाले नाही, तर कुठेतरी बिंदू चुकला आहे.

वक्र उलटही वाचता येतो. ६० गुणांवरून वर गेलात की ६२ मिळतात, म्हणजे साठ किंवा अधिक गुणांचे १८ जण. ६० ही वर्गाची सीमा असल्याने हे उत्तर अचूक आहे. पण ३५ हा उत्तीर्णांचा गुण धरून तेच केले, तर वक्र २० जण नापास असल्याचे सांगेल, कारण तो ३०–४० मधले बारा जण सारखे पसरलेले आहेत असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात काठावरच्यांना एखाद-दोन गुण देऊन पास केलेले असते आणि ३५ वर गर्दी होते. त्या बारांपैकी नऊ जण नेमके ३५ वर आणि दोघे त्याच्या पुढे असतील, तर नापास होतात फक्त १५. म्हणून मध्यक आणि चतुर्थके वक्रावरून वाचावीत. नापासांची संख्या मात्र गुणपत्रकातूनच मोजावी.