बॉक्सवरचा लाल दिवा काय सांगतो?

मोशी, चिखली किंवा चाकणच्या नव्या वसाहतींत इंटरनेट बंद पडले की फोनवरचा माणूस सांगतो, "बॉक्स बंद करून चालू करा." ते करण्याआधी दिव्यांकडे पाहून घ्यावे, कारण बंद-चालू केल्यावर पुरावा पुसला जातो.

फायबरच्या बॉक्सवर PON आणि LOS अशी दोन नावे असतात. PON हिरवा स्थिर असेल तर कंपनीच्या केंद्राशी बॉक्सचा संपर्क जुळलेला आहे. अशा वेळी संगणक केबलने बॉक्सला जोडून पाहावा. केबलवर इंटरनेट चालते आणि वाय-फायवर नाही, तर दोष घरातलाच. LOS लाल लुकलुकत असेल तर तारेतून पुरेसा प्रकाश पोहोचत नाही. पण तार तुटली कुठे, खांबावर की तुमच्या कपाटामागे, हे दिवा सांगत नाही.

तिथे आकडा कामी येतो. बॉक्सच्या पानावर (बहुधा 192.168.1.1) Rx Power नावाची ओळ असते. घरगुती जोडणीत तो साधारण −15 ते −25 dBm असावा. −27 च्या खाली गेला की बहुतेक बॉक्सना संकेत नीट वाचता येत नाही. आकडा तीनने घसरला, की प्रकाश निम्मा झाला असे समजावे.

समजा, जोडणीच्या दिवशी आकडा −19 होता आणि आता −26 आहे. म्हणजे प्रकाश पाचव्या हिश्श्यावर आला. टीव्हीच्या मागे दबलेली तार सैल करून रुंद वळणात ठेवली आणि आकडा −20 झाला, तर दोष घरातला होता. काहीच बदलले नाही, घरातली तारही कुठे दबलेली नाही, तर संशय बाहेरच्या सांध्यावर जातो. त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडेही लाल दिवा असेल, तर तो आणखी बळावतो. मात्र तारेचे टोक काढून त्यात डोकावू नये. आतला लेझर अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, आणि इजा करू शकतो.

अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीसाठी आठवडाभर वही ठेवा : तारीख, वेळ, दिवे, आकडा, वीज होती का, पाऊस होता का. प्रत्येक खंड पावसानंतर आणि आकडा घसरूनच येत असेल, तर बाहेरच्या सांध्याच्या डबीत पाणी शिरल्याची शक्यता मोठी. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हाच खंड पडत असेल आणि बॉक्सचे सगळेच दिवे विझत असतील, तर तक्रार कंपनीकडे नाही, इन्व्हर्टरच्या जोडणीकडे करावी.

एक प्रकार मात्र यात सापडत नाही. PON हिरवा, आकडा −20, केबलवरही इंटरनेट नाही. इथे तार ठीक आहे. अडचण बहुधा कंपनीच्या खाते-नोंदणीत किंवा पुढच्या यंत्रणेत असते. तारवाला माणूस घरी येऊन ती सुटत नाही. तक्रारीत हा आकडा वेळेसह लिहून द्यावा.