दोनदा दाबलं, एकदाच कापलं

वॉलेटमध्ये १००० रुपये आहेत. तुम्ही १४० रुपयांचे दोन अभ्रे आणि ६० रुपयांचा रुमाल मागवता. ३४० रुपये भरायचं बटण दाबता आणि नेमकी रेंज जाते. पडद्यावर चक्र फिरत राहतं. पैसे गेले की नाही, हे फोनला कळायला मार्ग नसतो. निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नसेल, किंवा पैसे कापले जाऊन फक्त पोच वाटेत हरवली असेल. फोनला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तो तोच निरोप पुन्हा पाठवतो.

तो कितीदाही पोचला तरी पैसे एकदाच कापले जावेत, या गुणाला आयडेम्पोटन्सी म्हणतात. त्यासाठी पहिल्या प्रयत्नाआधीच फोन त्या व्यवहाराला एक खूणक्रमांक देतो आणि साठवून ठेवतो. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक जातो. सर्व्हर तो ओळखतो आणि पैसे न कापता आधीचंच उत्तर परत देतो. दर वेळी बटण दाबल्यावर नवा क्रमांक तयार होत असेल, तर ही सगळी सोय फुकट जाते. ही चूक वरचेवर सापडते.

चाचणी करताना नुसतं इंटरनेट बंद करून भागत नाही, कारण मग निरोप निघतच नाही. खरी जागा पुढे आहे: खात्यातून रक्कम वजा झाली, पण उत्तर निघालं नाही, तो क्षण. टॉक्सीप्रॉक्सीसारखं साधन फोन आणि सर्व्हरच्या मध्ये बसवून फक्त परतीची वाट अडवता येते. मग पुन्हा प्रयत्न करायचा आणि पडद्यावरचं ‘यशस्वी’ न पाहता खातेवही पाहायची. वजावटीची नोंद एकच हवी, शिल्लक ६६० हवी. तेच दोन निरोप एकाच क्षणी सोडूनही बघावं. ‘आधी शोध, मग नोंद कर’ अशा रचनेत दोघांनाही जुनी नोंद सापडत नाही आणि दोघेही पैसे कापतात. खूणक्रमांक दुसऱ्यांदा लिहूच न देण्याची अट डेटाबेसमध्येच घातलेली असेल, तरच हे थांबतं.

रिफंड मला याहून अवघड वाटतो. एक अभ्रा परत केला, १४० जमा झाले, शिल्लक ८००. पोच हरवली, दुकानाने विनंती पुन्हा पाठवली. शिल्लक ८०० च राहायला हवी. दुसऱ्या दिवशी दुसरा अभ्रा परत गेला. रक्कम तीच, ऑर्डर तीच, पण परतावा नवा, म्हणून क्रमांकही नवा. आता ९४० दिसायला हवेत. रक्कम पाहून ‘हे तर आधीच दिलं’ असं ठरवणारी यंत्रणा इथे ग्राहकाचे १४० रुपये गिळते, आणि पहिल्याच चाचणीवर थांबणाऱ्याला ते कळतही नाही. उलट बाजूने, क्रमांक कितीही नवे आले तरी परताव्यांची बेरीज ३४० च्या वर जाता कामा नये.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एकाच वॉलेटमधल्या व्यवहारात पैसे कापले गेले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हा आपोआप होणारा परतावा आणि ग्राहकाने तक्रार केल्यावर माणसाने हाताने केलेला परतावा एकाच वेळी निघू शकतात. दोघांना मूळ व्यवहारावरून ठरलेला एकच क्रमांक मिळतो का, ही चाचणी यादीत हवीच.