नस काढली, तरी दाढ का ठणकते?

रूट कॅनालची पहिली सीटिंग झाली. दंतवैद्यांनी सांगितले, ‘नस काढली आहे, वर तात्पुरते सिमेंट भरले आहे, आठवड्याने या.’ आणि त्याच रात्री दाढ अशी ठणकू लागते की डोळ्याला डोळा लागत नाही. ‘नस काढली, मग आता दुखते ते काय?’ हा प्रश्न अशा वेळी जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो. पाठोपाठ शंका येते, डॉक्टरांचे काही चुकले तर नाही ना?

दंतवैद्यांच्या चांगल्या ओळखीचे असे एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या सिडकोत राहणारे, अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. खालची दाढ वर्षभरापूर्वी दुखली आणि आपोआप थांबली. नंतर हिरडीवर अधूनमधून पुळी यायची, फुटायची. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला, म्हणून शनिवारी संध्याकाळी उपचार सुरू झाले. बधिरतेचा असर उतरला आणि रात्री दोनच्या सुमारास ठणका सुरू झाला. दाढेला दाढ टेकवता येईना. रविवारी दवाखाना बंद. त्यांनी मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणले, दोन गोळ्या घेतल्या. ठणका जसाच्या तसा.

या दाढेत नेमके काय घडले? दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. घास चावताना तो गादीसारखे काम करतो आणि त्याला स्वतःच्या वेगळ्या नसा असतात. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढली जाते. बाहेरचा हा थर जिवंतच राहतो. उपचारानंतर दुखतो तो बहुतेक वेळा हाच थर आणि त्यालगतचे हाड. सूज आली तरी पसरायला तिथे जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे हे दुखणे रात्री जास्त जाणवते.

हा थर चिडण्याची कारणे दोन-तीनच आहेत. पहिले आणि सर्वांत नेहमीचे म्हणजे, मुळाच्या नळीतून बारीक फाइल फिरवून मृत नस खरवडताना तिचे काही कण आणि जंतू मुळाच्या टोकाबाहेर ढकलले जातात. कितीही काळजी घेतली तरी हे पूर्णपणे टाळता येत नाही. या गृहस्थांच्या दाढेत नस कधीच मेली होती. आतले जंतू आणि शरीर यांच्यात जणू तह झाला होता, म्हणून दाढ शांत होती. उपचाराने तो तह मोडला. न दुखणारी दाढ उपचारानंतर दुखू लागते, ती अशी.

दुसरे कारण अगदी साधे आहे. वरचे सिमेंट केसभर उंच राहिले, तर प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर पडतो. तोंड बधिर असताना हे रुग्णाला कळत नाही. तिसरे कारण म्हणजे एखादी नळी नजरेतून सुटणे किंवा अर्धवट साफ होणे. दाढेला तीन-चार नळ्या असतात आणि काही फार अरुंद असतात.

आता प्रश्न हा, की किती दुखणे चालते? अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचारापूर्वी शंभरातल्या ८१ जणांना दुखत होते, उपचारानंतर चोवीस तासांनी ४० जणांना, तर आठवड्याने ११ जणांना. म्हणजे पहिल्या दिवशी दुखणे ही नवलाची गोष्ट नाही. दुखणे किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेने जात आहे, हे पाहायचे. दोन-तीन दिवसांत ते उतरू लागले, गोळीने आटोक्यात राहिले, चावताना हुळहुळले पण चेहरा सुजला नाही, तर ते नेहमीचे. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त दुखत असेल किंवा गोळीला दाद देत नसेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दंतवैद्यांना फोन करावा. बधिरता दुसऱ्या दिवशीही ओठावरून गेली नाही, तरी तेच करावे.

घरी काय करावे? प्रौढ व्यक्तीला चालत असेल तर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, सहा ते आठ तासांनी, दोन-तीन दिवस, याचा चांगला उपयोग होतो. मात्र मूत्रपिंडाचा किंवा पोटातील अल्सरचा त्रास, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तरीही नको. उशी थोडी उंच घ्यावी, त्या बाजूने चावू नये. गालावर बाहेरून थंड पट्टी दहा-दहा मिनिटे ठेवावी. गरम शेक देऊ नये. दाढेशी तंबाखू, मिश्री किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून धरली, तर हिरडी भाजते.

अँटिबायोटिकने या गृहस्थांना आराम पडला नाही, यातही नवल नाही. ते वेदनाशामक नव्हे. मृत नसेपर्यंत रक्त पोहोचत नाही, त्यामुळे औषधही पोहोचत नाही. सूज पसरत असेल किंवा ताप असेल तेव्हाच ते लागते, आणि तेव्हाही दाढेची सफाई टळत नाही.

सोमवारी दंतवैद्यांनी दाढेवर हलकेच ठोकून पाहिले. मग निळा कागद चावायला देऊन सिमेंटवरचा उंच ठिपका शोधला आणि तेवढा घासला. हिरडीशी थोडी सूज होती, म्हणून दाढ पुन्हा उघडली, साचलेला स्राव बाहेर येऊ दिला, नळ्या औषधी द्रावणाने धुतल्या, कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरला आणि दाढ पुन्हा बंद केली. पूर्वी अशी दाढ उघडी ठेवत. पण लाळेतले जंतू आत शिरतात, म्हणून आता शक्यतो तसे करत नाहीत. बुधवारपर्यंत ते दोन्ही बाजूंनी जेवू लागले. अशी कळ उठली म्हणजे रूट कॅनाल फसले, असे नाही. उपचार पूर्ण केल्यावर असे दात टिकतात.

काही लक्षणे मात्र वेगळ्या वाटेची आहेत. सूज डोळ्याकडे, जबड्याखाली किंवा गळ्याकडे सरकणे, थंडी वाजून ताप येणे, तोंड दोन बोटेही न उघडणे, गिळता न येऊन लाळ गळणे, जीभ वर उचलली जाणे, आवाज घोगरा होणे किंवा श्वास लागणे. जिभेखालच्या जागेत पू पसरला, तर काही तासांत श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. मधुमेहींमध्ये संसर्ग लवकर पसरतो. अशा वेळी दंतवैद्यांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि रात्र असली तरी जिल्हा रुग्णालयासारख्या, भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक असलेल्या ठिकाणी पोहोचावे.