कोणता फोन चांगला? आधी तीन प्रश्न

नात्यागोत्यात एखाद्याला फोनमधलं कळतं अशी ख्याती झाली, की दसरा-दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे आकड्यांच्या रांगा येऊ लागतात. दोन फोन, दोन रकाने आणि खाली एकच ओळ: यातला कोणता घेऊ? जाणकार माणूस यावर लगेच नाव सांगत नाही. तो उलट विचारतो, बजेट किती, फोन कशासाठी हवा आणि किती वर्षं वापरणार?

या प्रश्नांनी काय फरक पडतो, ते दोन खऱ्या फोनांवरून पाहता येतं. सॅमसंगचा गॅलेक्सी एम34 भारतात जुलै 2023 मध्ये आला, शाओमीचा रेडमी नोट 13 5जी जानेवारी 2024 मध्ये. बाजारात आले तेव्हा दोन्ही सतरा-अठरा हजारांच्या घरातले होते, दोन्हींचे पडदे अ‍ॅमोलेड. रेडमीचा मुख्य कॅमेरा 108 मेगापिक्सेलचा, सॅमसंगचा 50 चा. बॅटरी मात्र उलटी: रेडमीची 5000 एमएएच, सॅमसंगची 6000. चार्जिंग रेडमीचं 33 वॅट, सॅमसंगचं 25.

बहुतेकांची नजर आधी 108 वर जाते. पण रोजचा फोटो काही 108 मेगापिक्सेलचा निघत नाही. हा कॅमेरा नऊ बारीक पिक्सेल एकत्र करून एक मोठा पिक्सेल बनवतो, म्हणजे हाती येतो साधारण 12 मेगापिक्सेलचा फोटो. सॅमसंगचा कॅमेरा चार पिक्सेलांचा एक करतो, आणि त्याचाही फोटो जवळपास तेवढाच होतो. सगळे पिक्सेल सुटे ठेवून फोटो काढायची सोय असते, पण ती मुद्दाम निवडावी लागते आणि फाइल बरीच मोठी होते.

खरा फरक रकान्यात खाली, बारीक अक्षरांत असतो. सॅमसंगच्या मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस आहे, रेडमीत नाही. ओआयएस म्हणजे हात हलला तर कॅमेऱ्याचा आतला भाग उलट दिशेने किंचित सरकवून तो धक्का जिरवणारी रचना. संध्याकाळी घरात किंवा हळदीच्या मांडवात उजेड कमी असतो, तेव्हा कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात हात हलतो. तिथे ओआयएस कामी येतं. पळणाऱ्या पोराचा फोटो मात्र त्यानेही सुधारत नाही, कारण तिथे हलतंय ते पोर, हात नव्हे. भर उन्हात फोटो काढणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणारच नाही.

आता दुसरा प्रश्न, फोन कशासाठी? समजा, विचारणारा विमा प्रतिनिधी आहे. दिवसभर दुचाकीवर, गावोगाव. जिथे रेंज कमी, तिथे टॉवरपर्यंत पोहोचायला फोन जास्त ताकद लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. अशा माणसाला 6000 एमएएचचा फोन घ्यायला सांगावं. तोच प्रश्न कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विचारला, आणि तिला फोन तासन्‌तास हातात धरून वाचायचं, व्हिडिओ पाहायचे असतील, तर 208 ग्रॅमचा सॅमसंग जड वाटेल. रेडमी त्याहून तीसेक ग्रॅमने हलका आहे. सकाळी आवरता आवरता थोडा वेळ चार्जिंगला लावला, तरी तिचं काम भागतं. आकडे तेच असूनही सल्ला बदलतो.

बजेटचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. सॅमसंगच्या खोक्यात चार्जर नव्हता, रेडमीच्या खोक्यात होता. घरी 25 वॅटचा योग्य चार्जर नसेल, तर त्याचे पैसे किमतीत धरूनच तुलना करायला हवी. शिवाय जाहिरातीतली किंमत बऱ्याचदा ठरावीक बँकेच्या कार्डाची सवलत वजा करून लिहिलेली असते. ते कार्ड नसलेल्याला फोन महागच पडतो. आणि कुणी ‘बारा हजारांच्या वर नाही’ म्हणालं, तर ही तुलना तिथेच संपते. दुसरे दोन फोन समोर घ्यावे लागतात.

राहिला काळाचा प्रश्न. एम34 साठी कंपनीने अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट देण्याचं जाहीर केलं होतं. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला त्याचं फारसं अप्रूप नाही. पाच वर्षं एकच फोन वापरणाऱ्याने मात्र हे पाहायलाच हवं, कारण बँकेची अ‍ॅप त्याच फोनवर चालणार असतात. फक्त ही वर्षं मोजतात ती फोन बाजारात आल्यापासून, बिलावरच्या तारखेपासून नव्हे. म्हणून सेलमध्ये एखादा जुना फोन दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसला, तर तो बाजारात कधी आला ते पाहून किती वर्षं उरली याचा हिशेब करावा आणि मगच पैसे भरावेत.