सत्तावन्न पैशांचा टोमॅटो

२०२३ साली ग्राहक महागाई मोजायची सरकारी टोपली शंभर रुपयांची धरली, तर तिच्यात टोमॅटो होता अवघा ५७ पैशांचा. जूनमध्ये महागाईचा दर ४.८७ टक्के होता, तो जुलैत ७.४४ वर गेला. टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तिप्पट झाला होता. ५७ पैशांचे तिप्पट म्हणजे १ रुपया ७१ पैसे. ढोबळ हिशेबाने एकट्या टोमॅटोने अख्ख्या देशाच्या महागाईत एक टक्क्याहून जास्त भर घातली.

आता हा वाढलेला एक रुपया चौदा पैसे व्याजदराने परत खाली आणायचा, असं समजा. टोमॅटोला रेपो दर कळत नाही. मग उरलेल्या ९९ रुपये ४३ पैशांना, म्हणजे कपडे, औषधं, घरभाडं, रिक्षा, शिकवणी, सगळ्यालाच तेवढं कमी महागायला लावावं लागेल. एका भाजीची कसर बाकी सगळ्या बाजाराकडून काढायची.

व्याजदर काम कसं करतो ते एका कर्जावर पाहू. ५० लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षांचं, ७ टक्क्यांनी. हप्ता ३८,७६५ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ही अडीच टक्क्यांची वाढ जशीच्या तशी कर्जाला लागली, तर ९.५ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच होतं ३९,५८३. जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटायचं राहिलं बाजूला! वीस वर्षांत फेडायचं तर हप्ता ४६,६०७ होतो. दरमहा ७,८४२ रुपये घरातून गेले.

त्या घरातून मग काय कापलं जातं? नवा फ्रिज पुढे ढकलतात, गाडी बदलायची राहते, दिवाळीची सहल रद्द होते. महागाई मागणीच्या ओढीतून आली असेल, म्हणजे फ्रिज कमी आणि घेणारे जास्त अशी अवस्था असेल, तर औषध अगदी बरोबर जागी लागतं. पण किलोभर टोमॅटो त्या घरात येतोच. फार तर अर्धा किलो येतो आणि आमटीत चिंच वाढते. शिवाय त्यात गोम अशी, की व्याज शेतकऱ्याच्या, आडत्याच्या, ट्रकवाल्याच्या उधारीवरही चढतं. म्हणजे ज्या खर्चाच्या रेट्याने भाव चढला, त्यात आणखी थोडी भर.

दोन्ही महागाया ओळखायची माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण भावात नसून आवकेत आहे. भाव आणि विक्री दोन्ही चढत असतील, तर ओढ मागणीची. भाव चढतोय आणि बाजार समितीच्या आवारात क्रेट मात्र कमी उतरतायत, तर रेटा पुरवठ्याचा. २०२३ च्या उन्हाळ्यात नाशिक-जुन्नरकडे भाव इतके पडले होते, की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. पुढची लावण घटली, पिकाला रोग आणि पावसाने गाठलं, आणि जुलैत क्रेट आटले.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. व्याजदराचा परिणाम बाजारात पुरता उतरायला वर्षभराच्या आसपास लागतं. टोमॅटो लावणीपासून दोन-तीन महिन्यांत तोडणीला येतो. जुलैत दिलेला डोस अंगी लागेपर्यंत मधे दोन-तीन पिकं निघून गेलेली असतात. म्हणून ऑगस्टच्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने दर ६.५ वरच ठेवला. सरकारने दुसऱ्या बाजूने हात घातला: महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रातून टोमॅटो खरेदी करून दिल्लीत ९० रुपये किलोने विकला, नेपाळहूनही आणला.

अर्थात अशा भाववाढीकडे डोळेझाक किती काळ करायची, याला मर्यादा आहे. भाव महिनोनमहिने चढे राहिले की लोक ते गृहीत धरतात. मजूर वाढीव मजुरी मागतो, खानावळवाला थाळीचे दहा रुपये वाढवतो, आणि टोमॅटो उतरल्यावर ते दहा रुपये काही कमी करत नाही. महागाई अशी भाजीतून थाळीत उतरली की व्याजदर चढवावाच लागतो, मग सुरुवात कुठूनही झालेली असो. हे तपासायला अन्न आणि इंधन वगळून उरलेली महागाई पाहतात. जुलै २०२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास शांत होती.

सप्टेंबरात महागाईचा दर ५.०२ टक्क्यांवर आला. रेपो दर जागचा हलला नव्हता. नवं पीक आलं होतं, आणि शेतकरी पुन्हा रस्त्यावर टोमॅटो ओतत होते.