रेफ्युजीच्या पाच ओळी आणि बोंडातली सरकी

2017च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात हिरवीगार पऱ्हाटी उभी होती आणि बोंडे मात्र गुलाबी बोंडअळीने आतून पोखरलेली होती. दोष लगेच शेतकऱ्याच्या पदरात पडला. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची 120 ग्रॅमची पुडी मिळत होती. क्षेत्राच्या 20 टक्के किंवा पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढी ती रेफ्युजी म्हणून सभोवार लावायची होती. बहुतेकांनी ती लावली नाही, हे खरेच आहे. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

रेफ्युजीचे गणित साधे आहे. अळीच्या शरीरातल्या एका विशिष्ट जनुकाची दोन रूपे धरू: विषाला बळी पडणारे ‘स’ आणि रोधक ‘र’. प्रत्येक अळीला आईकडून एक आणि बापाकडून एक रूप मिळते, म्हणून अळ्या तीन प्रकारच्या होतात: सस, सर आणि रर. ‘र’चे प्रमाण हजारात एक असेल, तर रर अळी दहा लाखांत एक सापडते, सर मात्र हजारात जवळजवळ दोन. प्रतिकाराचा खरा साठा या सर अळ्यांत लपलेला असतो. बीटीच्या पानाफुलांत विष इतके भरपूर हवे की सरसुद्धा मरावी; जगलीच तर फक्त रर जगावी.

आता एक कोटी अळ्या घ्या. रेफ्युजी नसेल तर दहा रर तेवढ्या उरतील, त्या आपापसांत जोडी जमवतील आणि पुढची सगळी पिढी रोधक निपजेल. पाचवा हिस्सा रेफ्युजी असेल तर बीटीत आठ रर उरतील, पण शेजारून वीस लाख पतंग उडतील आणि ते बहुतेक सगळे सस. आठांना जोडीदार मिळणार तो सस. पिल्ले सर होणार आणि बीटीवर मरणार. ‘र’चे प्रमाण हजारात एकवरून जेमतेम 1.004 होते. म्हणजे रेफ्युजीत कीड पोसली जाते ही तक्रार रास्त असली, तरी ती पोसण्यासाठीच त्या ओळी असतात.

पण याच उदाहरणात सर अळ्यांपैकी फक्त दहा टक्के वाचल्या असे धरा. बीटीतल्या सुमारे सोळा हजार सर अळ्यांपैकी सोळाशे जगतात आणि ‘र’चे प्रमाण एका पिढीत हजारात एकवरून 1.4 वर जाते, तेही रेफ्युजी पूर्ण लावलेली असताना. एका हंगामात या किडीच्या चार पिढ्या धरल्या, तर प्रमाण जवळजवळ चौपट होते.

सर अळी वाचायला आपल्याकडे वाव होता, कारण आपली बीटी कपाशी प्रामुख्याने संकरित आहे. संकरित झाडात विषाच्या जनुकाची एकच प्रत असते. झाडाला विष पुरते, पण त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते आणि तिच्यात जनुकांची वाटणी होते: 2002च्या एका जनुकाच्या वाणात चारांतली एक सरकी विषाविना, तर 2006च्या दोन जनुकांच्या वाणात सोळांपैकी नऊंत दोन्ही विषे, सहांत एकेकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी नेमकी ही सरकीच खाते. एकाच बोंडात कमी-जास्त विषाचे दाणे मिळाले की सर अळीला निसटायला जागा मिळते. त्यात लांब मुदतीचे वाण आणि फरदड यांनी तिचे खाद्य उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरवले.

‘मग घाटेअळी का बिथरली नाही?’ असे कोणी विचारील. तिच्यावरही बीटीचा दाब आहेच, पण ती तूर, हरभरा, टोमॅटो असे काहीही खाते. तिची रेफ्युजी शिवारभर आपोआप उभी असते. गुलाबी अळीचा संसार जवळजवळ कपाशीवरच चालतो. म्हणून पहिल्या विषाला तिने गुजरातेत दाद देणे थांबवल्याचे 2010मध्ये जाहीर झाले आणि काही वर्षांत दुसरे विषही निकामी ठरले.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात मात्र शेतकऱ्यांनी 1996पासून दशकभर रेफ्युजी नेमाने राखली आणि ती कीड बीटीला बळी पडत राहिली. पुढे वांझ पतंग सोडून, बीटीच्या जोडीने, 2018मध्ये ती अमेरिकेतल्या कपाशीपट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. चीनच्या यांगत्झे खोऱ्यातला प्रकार तर आपल्याला विचार करायला लावणारा आहे. तिथे संकरिताची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली गेली आणि चारांतले एक झाड आपोआप बिगर-बीटी उगवले. वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. वाटणी तीच, पण आपल्याकडे ती एका बोंडाच्या आत झाली आणि तिकडे झाडाझाडांत. अख्खे बिगर-बीटी झाड सस पतंग देते. बोंडातली भेसळ सर अळीला वाचवते.

पाच ओळींसाठी आजचे उत्पन्न सोडायचे आणि फायदा सगळ्या गावाने घ्यायचा, हे दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. पुढे बिगर-बीटी सरकी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, त्यामुळे ही अडचण सुटली. पण आता गुलाबी अळीत ‘र’ इतका पसरला आहे की रेफ्युजीतून येणारा जोडीदारही बरेचदा रोधकच असतो. तिच्यापुरता आज उपाय जुनाच आहे: कमी मुदतीचा वाण, डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्यांचा नायनाट आणि फरदड बंद. उद्या नवे विष बाजारात आले, तर ते संकरिताऐवजी सरळ वाणात, दोन्ही प्रती भरून द्यावे. तरच बोंडातली प्रत्येक सरकी विष बाळगील आणि रेफ्युजीचे गणित जुळेल.