संहत आणि तीव्र यांतला फरक

दहावीच्या पुस्तकातला एस्टरचा प्रयोग सोपा दिसतो. परीक्षानळीत 1 मिलिलीटर इथेनॉल, तेवढेच ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि संहत सल्फ्युरिक ॲसिडचे काही थेंब घ्यायचे आणि नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात निदान पाच मिनिटे ठेवायची. मग फळासारखा वास येतो. याच प्रयोगाचे इंग्रजी सुरक्षा सूचनापत्रक मराठीत आणायला बसले, की खरी कसोटी लागते.

पहिला घोटाळा ॲसिडच्या वर्णनात होतो. बोलताना आपण जास्त प्रमाणाच्या ॲसिडला सहज ‘तीव्र’ म्हणतो आणि पाणी घातलेल्याला ‘सौम्य’. शालेय रसायनशास्त्रात मात्र तीव्र आणि सौम्य हे आम्लाचे स्वभाव आहेत, म्हणजे पाण्यात त्याचे आयन किती प्रमाणात सुटे होतात याचे माप. द्रावणात आम्ल किती आहे, हे सांगण्यासाठी संहत आणि विरल हे शब्द आहेत. ॲसेटिक ॲसिड सौम्य आम्ल आहे, पण ग्लेशियल म्हणजे जवळजवळ निर्जल असेल, तर ते कातडी आणि डोळे गंभीरपणे भाजते. पत्रकात नुसते ‘सौम्य आम्ल’ छापले, तर विद्यार्थी ते स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखेच समजून हाताळेल. व्हिनेगरमध्ये हेच आम्ल साधारण 4 ते 5 टक्के असते. म्हणून पत्रकात ‘ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड (संहत, CH₃COOH)’ असे पूर्ण लिहावे. पुस्तकात ‘इथेनॉइक आम्ल’ असेल, तर तेही एकदा शेजारी द्यावे. बाटलीवरचे नाव आणि कागदावरचे नाव एकच असले पाहिजे, कारण मुले नावावरूनच बाटली उचलतात.

धोक्याच्या वाक्यांना आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक असतात. या आम्लासाठी H314 म्हणजे त्वचा भाजणे व डोळ्यांना इजा, आणि H226 म्हणजे ज्वलनशील द्रव व बाष्प. इथेनॉलचा क्रमांक H225 आहे आणि तिथे ज्वलनशीलता एक पायरी वरची असते. दोन्हींना नुसते ‘ज्वलनशील’ म्हटले, तर ही पायरी हरवते. ‘दाहक’ हा शब्दही जपून वापरावा. त्यातून भाजणे आणि पेट घेणे असे दोन्ही अर्थ निघू शकतात, म्हणून ‘त्वचा भाजते’ आणि ‘पेट घेते’ अशी वेगळी वाक्ये करणे सुरक्षित. क्रमांक मात्र जसेच्या तसे ठेवावेत. शंका आली, तर शिक्षकांना मूळ वाक्य त्यांवरूनच शोधता येते.

कृतीच्या सूचनांत एका प्रत्ययाने अर्थ उलटतो. सल्फ्युरिक ॲसिड विरल करताना ‘पाण्यात ॲसिड’ हळूहळू ओततात. ‘ॲसिडमध्ये पाणी’ ओतले, तर उष्णतेने ते उसळून तोंडावर उडते. इथे ‘ओतावे’ आणि ‘कधीही ओतू नये’ अशी दोन्ही वाक्ये छापावीत.

भाषांतर झाल्यावर मूळ पत्रक न पाहिलेल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडून मराठी मजकूर परत इंग्रजीत करून घ्यावा आणि मुळाशी ताडून पाहावा. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याला विचारावे: हे डोळ्यात गेले, तर आधी काय करशील? ‘लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवत राहीन’ हे उत्तर पत्रकातूनच मिळाले नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहावे लागेल.